पुढं कोण झालं? पद नसलेल्या मुलाचा नेतृत्वावरचा निबंध

प्रश्न: मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘तुमचे नेतृत्वगुण दिसतील असा अनुभव ५०० शब्दांत लिहा’ असं आलंय, इंग्रजीत लिहायचंय. मी कधी मॉनिटर नव्हतो, जीएस नव्हतो, एनएसएसमध्येही साधा स्वयंसेवक. गावची सकाळची एसटी बंद झाली तेव्हा आम्ही पोरांनी मिळून आगारात अर्ज दिला होता, पण ते काही नेतृत्व नाही. मित्र म्हणतात, मॉनिटर होतो असं लिहून टाक, कोण बघतंय. काय लिहू?

उत्तर:

मॉनिटर होतो असं लिहू नकोस. ते खोटं आहे हे एक कारण झालंच, पण त्याचा तुला उपयोगही होणार नाही. मी अकरा वर्षं एका निवड समितीसाठी असे निबंध वाचले आणि मुलाखतींना बसले. ‘वर्गाचा मॉनिटर म्हणून मी शिस्त राखली’ या वाक्याला आम्ही कधी गुण दिल्याचं मला आठवत नाही. मुलाखतीत त्यावर एकच प्रश्न यायचा, ‘एखादा प्रसंग सांग, जेव्हा वर्गानं तुझं ऐकलं नाही.’ खरा मॉनिटर लगेच काहीतरी सांगतो, कारण त्याचं ऐकलं गेलेलं नसतंच. खोटा अडखळतो. शिवाय तुझ्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र आमच्यासमोर असतं. निबंधात जीएस आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही, असं दिसलं की वाचणारा बाकीच्या पानांकडेही संशयाने बघू लागतो.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येते. ‘नेतृत्व’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर पुढारी येतो, गळ्यात उपरणं, चौकात बॅनर. म्हणून तुला वाटतं, माझ्याकडे ते नाही. पण खेड्यात याच गोष्टीला रोजच्या बोलण्यात एक साधा शब्द आहे, ‘पुढं होणं’. रस्त्यात गाडी फसली, चार माणसं नुसती बघत उभी आहेत आणि एकजण चाकाखाली दगड लावून म्हणतो, ‘लावा हात’. तो पुढं झाला. निवड समितीला नेमकं हेच हवं असतं. एखादं काम अडलं होतं, तेव्हा कोण पुढं झालं, लोक त्याच्यामागं का आले आणि तो बाजूला झाल्यावर मागं काय उरलं.

यातला मधला प्रश्न तुझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे पद असतं त्याला ‘लोकांनी तुझं का ऐकलं’ हे सांगावं लागत नाही, पदामुळे ऐकलं. पद नसलेल्याला ते सांगावं लागतं. तीच त्याच्या निबंधाची ताकद ठरते, कारण ते कारण पदापेक्षा नेहमीच जास्त खरं असतं. पद नसलेली बहुतेक मुलं ते सांगतच नाहीत. ‘मी लोकांना समजावून सांगितलं आणि त्यांना पटलं’ असं लिहून पुढे जातात. बावीस वर्षांच्या पोराचं म्हणणं गावातल्या मोठ्या माणसांना एका वाक्यात कसं पटलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि मग त्याचा विश्वासही बसत नाही.

एका मुलीचा निबंध कसा घडला ते सविस्तर सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते तुला दिसेल.

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवरची ही मुलगी. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. लेकरं बरोबर गेली की त्यांची शाळा तेवढे महिने बुडते. म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालवतात, मागं राहिलेल्या लेकरांच्या जेवणाखाण्याची सोय तिथं होते. ही मुलगी अकरावीत असताना तिनं घरोघर जाऊन लेकरं गावातच ठेवायला लोकांना तयार केलं होतं. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पहिल्या मसुद्यात हा सगळा प्रकार एवढाच होता:

‘आमच्या गावात ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शैक्षणिक नुकसान होत होते. त्यामुळे गावात जनजागृती करण्यात आली. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देण्यात आले. आम्ही सर्वांनी मिळून अनेक मुलांचे स्थलांतर थांबवले.’

चारही वाक्यं खरी होती. तरीही ती वाचून ही मुलगी त्या गावात होती की नव्हती हेसुद्धा कळत नाही. ‘करण्यात आली’, ‘पटवून देण्यात आले’ ही भाषा आपण सरकारी परिपत्रकातून आणि शाळेच्या अहवालातून उचलतो, कारण लहानपणापासून चांगलं मराठी म्हणून तेच कानावर पडलेलं असतं. त्या भाषेचा गुणच असा की काम दिसतं, करणारा दिसत नाही. अहवालाला ते चालतं. नेतृत्वाच्या निबंधात मात्र करणारा हाच विषय असतो.

मी तिला म्हटलं, आधी लिहिणं थांबव, मला नुसतं सांग. पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलीस?

ती म्हणाली, शेजारच्या काकूंच्या. त्यांच्याच का? कारण त्या नाही म्हणणार हे तिला माहीत होतं आणि त्या हो म्हणाल्या असत्या तर बाकीच्यांना सांगणं सोपं गेलं असतं. मी तिला तिथंच थांबवलं. हा विचार तिनं आपणहून केला होता, वयाच्या सतराव्या वर्षी, आणि निबंधात त्याचा मागमूसही नव्हता. सगळ्यांत अवघड दार आधी ठोठावायचं, हा निर्णय होता. असा निर्णय दिसला की वाचणारा सरसावून बसतो.

मग काकू काय म्हणाल्या? ‘जेवायचं शाळा बघंल, पन रातच्याला पोरगी कुठं झोपंल? म्हातारीला दिसत नाई. लेकरू ठिवून गेलं तं जीव तिकडं कामात लागतो का?’ म्हणजे काकूंना शिक्षणाचं महत्त्व माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं. अडचण रात्रीची होती. त्यांच्या गावात जेवण शाळेत मिळायचं, झोपायला मात्र लेकरं ज्याच्या त्याच्या आजी-आजोबांकडे जायची. जिथं आजी थकलेली किंवा घर वाडीच्या कडेला, तिथली आई मुलीला मागं ठेवायला धजत नव्हती. आतापर्यंत शाळेनं, गावानं जी काही ‘जनजागृती’ केली होती ती या एका गोष्टीला शिवलीच नव्हती.

पुढं तिनं काय केलं ते तिच्या दृष्टीनं इतकं साधं होतं की ती सांगायलाच विसरली होती. तिनं स्वतःच्या आजीला विचारलं, आपल्या पडवीत मुली झोपल्या तर चालतील का. आजी हो म्हणाली, पण अट घातली की पाणी भरायचं आणि झाडलोट करायची ते मुलींनी. सात मुलींची सोय झाली. मग ती पुन्हा काकूंकडे गेली. काकू आल्या, पडवी पाहिली, दाराला कडी आहे ना ते पाहिलं आणि मग हो म्हणाल्या.

मी विचारलं, दुसऱ्या कुणी मुलीनं हेच सांगितलं असतं तर काकूंनी ऐकलं असतं? ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘नसतं ऐकलं. मी दुसरी-तिसरीला दोन वर्षं फडावर होते. कोपीत राहिलेय. काकूंनी मला तिथं पाहिलंय, वाढ्याची ओझी उचलताना. मी फडाबद्दल बोलते तेव्हा मला कुणी शहाणपणा शिकवते असं म्हणत नाही.’

लोकांनी तिचं का ऐकलं याचं हे उत्तर होतं. याहून चांगलं उत्तर कोणत्याही पदानं दिलं नसतं. ज्या दोन वर्षांची तिला लाज वाटत होती, जी तिनं अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव खंड’ अशी लपवली होती, तीच तिच्या शब्दाला वजन देत होती.

आकडे काढायला आम्हाला एक संध्याकाळ लागली. तिनं आईला फोन लावला, काकूंना विचारलं, शाळेतल्या गुरुजींकडची यादी मागवली. नऊ घरं, जाणार होती ती चौदा लेकरं. त्यातली नऊ राहिली. दोन पोरांना संक्रांतीच्या सुमाराला बाप येऊन घेऊन गेला. शेवटपर्यंत सात टिकली. उरलेली पाच पहिल्यापासूनच गेली होती, त्यातल्या तीन थोरल्या मुली. आईबाप दोघंही कोयत्यावर, नवरा-बायको मिळूनच एक कोयता धरतात, मग कोपीत तान्ह्या लेकराला सांभाळायला थोरली मुलगी लागते. त्या घरी ती दोनदा गेली. त्या आयांना द्यायला तिच्याकडे काही नव्हतं आणि त्यांनीही तसं स्पष्ट सांगितलं.

‘अनेक मुलांचे स्थलांतर थांबवले’ हे वाक्य आणि ‘चौदापैकी सात’ हा आकडा शेजारी ठेवून बघ. तिला भीती होती की सात हा आकडा छोटा दिसेल. वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते, ‘अनेक’ हा शब्द आला की आम्ही मनात तो शून्य धरायचो. सात म्हटलं की सात चेहरे दिसतात. आणि जिनं न जमलेल्या तीन मुलींचं कारण इतकं नेमकं सांगितलं, तिनं जमलेल्या सातांबद्दल खोटं सांगितलं असेल असं कुणालाही वाटत नाही.

शेवटी तिच्या निबंधाचा मधला भाग असा झाला:

‘मी आधी त्याच घरी गेले जिथून नकार येणार हे मला ठाऊक होतं. त्या काकू म्हणाल्या, जेवण शाळा देईल, पण रात्री मुलगी कुठं झोपेल? याचं उत्तर शाळेकडे नव्हतं. मी माझ्या आजीला विचारलं. आमच्या पडवीत सात मुली झोपू शकत होत्या. काकूंनी येऊन दाराची कडी पाहिली आणि होकार दिला. त्यांच्या होकारानंतर दोन दिवसांत आणखी चार घरं तयार झाली. त्यांनी माझं ऐकलं, कारण दुसरी आणि तिसरीची दोन वर्षं मी त्यांच्याच टोळीबरोबर फडावर होते. तीन थोरल्या मुलींना मात्र मी थांबवू शकले नाही. फडावर त्यांच्या तान्ह्या भावंडांना सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं आणि माझ्याकडे त्यावर उपाय नव्हता. त्या वर्षी मला कळलं की निघायच्या आठवड्यात बोलून उशीर होतो. पुढच्या वर्षी मी पोळ्यालाच यादी करून गुरुजींकडे दिली.’

यात ‘नेतृत्व’ हा शब्द कुठंही नाही. गरज पडली नाही.

मुलाखतीत तिला विचारलेला पहिला प्रश्न त्या संक्रांतीला गेलेल्या दोन पोरांबद्दलच होता. त्यांना का नेलं, तुला आधी कळलं होतं का, तू काय केलंस. तिनं सांगितलं की बाप रात्री आला आणि पहाटे घेऊन गेला, तिला सकाळी कळलं. नंतर तिनं बापाला फोन केला तेव्हा कळलं की धाकटा रोज फोनवर रडत होता. म्हणून पुढच्या वर्षी तिनं ठरवलं की लहान पोरांनी आईबापाशी रोज न बोलता ठराविक वारी बोलायचं, आणि तेही जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी नाही. वीस मिनिटं त्यावरच बोलणं झालं. ज्या गोष्टी आपण निबंधातून पुसून टाकतो, मुलाखत बहुतेक वेळा त्याच गोष्टींवर उभी राहते.

आता तुझ्या एसटीकडे वळू. ‘ते काही नेतृत्व नाही’ असं तू लिहिलंस, ते खरं की खोटं हे मला इथून सांगता येणार नाही, तुलाच तपासावं लागेल. तपासायची रीत सोपी आहे. त्या दिवसांत तू आजारी पडून मामाकडे गेला असतास, तर काय अडलं असतं? काहीच नाही, अर्ज तसाही गेला असता, असं उत्तर आलं तर हा प्रसंग सोडून दे आणि दुसरा शोध. पण ‘यादी झाली नसती’ किंवा ‘मुलींच्या सह्या मिळाल्या नसत्या’ असं काही निघालं, तर तुझा निबंध तिथं आहे.

तुझ्या ‘आम्ही पोरांनी मिळून’ या शब्दांचीही फोड कर. आपल्याकडे ‘मी’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं आणि तो संस्कार वाईट नाही. पण पाच पोरांनी मिळून म्हणजे पाचजणांनी एकच काम केलं असं कधी होत नाही. कुणी म्हणालं असेल की अर्ज देऊ. कुणी अर्जाचा मजकूर लिहिला असेल. कुणी आगारात जाऊन साहेबांसमोर बोललं असेल. निबंधात ‘आम्ही’ ठेव, पण प्रत्येक ‘आम्ही’नंतर एक वाक्य असं हवं की त्यातलं तुझ्या वाट्याचं काय होतं. ‘अर्ज मित्रानं लिहिला, त्याचं अक्षर चांगलं, पासवाल्यांची मोजणी मी केली’ असं लिहिलंस तर तू लहान होत नाहीस. दुसऱ्याचं काम दुसऱ्याच्या नावावर ठेवणारा माणूस वाचणाऱ्याला आवडतोच.

फेरी बंद करताना आगारात बहुधा एकच शब्द सांगतात, भारमान. गाडीत माणसं भरत नाहीत. तुम्ही त्यावर काय उत्तर दिलंत? नुसतं ‘आमची गैरसोय होते’ म्हटलंत, की सकाळच्या गाडीला तुमच्या फाट्यावर आणि पुढच्या फाट्यावर किती पोरं उभी असतात ते मोजून नेलंत? कुणी मोजलं, किती दिवस, कशावर लिहिलं? ती वही अजून घरात असेल तर शोध. गाडी नसल्यानं कुणाचं काय झालं तेही आठव. पासावर आपण भाड्याचा साधारण एक तृतीयांश भरतो आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट असतो. फेरी गेली की त्या मुलींना जीपचं पूर्ण भाडं द्यावं लागतं, आणि मग घरात हिशेब सुरू होतो की पोरगीला रोज पाठवायचं कशाला. असं एखाद्या घरात झालं असेल तर तुझ्या प्रसंगात काय पणाला लागलं होतं ते एका वाक्यात सांगता येईल. मुलीचं नाव लिहू नकोस, ‘माझ्या चुलत बहिणीच्या वर्गातली एक मुलगी’ एवढं पुरे.

आणि विरोध कुणाचा होता, हे नक्की आठव. गावात काळी-पिवळी चालवणारा कुणीतरी असेलच. एसटी सुरू झाली की त्याच्या सकाळच्या फेरीचं नुकसान. तो कदाचित तुझ्याच भावकीतला असेल. त्यानं काही म्हटलं का, घरच्यांनी तुला ‘कशाला वाईटपणा घेतो’ म्हणून अडवलं का, कुणी सही द्यायला नकार दिला का? नकार नसलेला प्रसंग निबंधात सपाट वाटतो, कारण सगळे आधीच तयार असतील तर पुढं व्हायची गरजच नव्हती. जीपवाल्याला मात्र खलनायक करू नकोस. त्याचंही पोट त्या फेरीवर आहे. त्याच्याशी तू काय बोललास ते लिहिलंस तर तुझा समंजसपणा आपोआप दिसेल.

हीच गोष्ट गावातल्या लोकांबद्दल. ‘आमच्या गावातील अडाणी लोकांना’ अशी सुरुवात मी इतक्यांदा वाचली की ती दिसली तरी माझं मन खट्टू व्हायचं. असं लिहिणाऱ्या मुलाला वाटतं, लोक जितके मागास दाखवू तितकं आपलं काम मोठं दिसेल. होतं उलटं. काकूंना अडाणी म्हटलं असतं तर दाराची कडी निबंधात आलीच नसती, आणि सगळा निबंध त्या कडीवर उभा होता.

दुष्काळाबद्दलही एक सांगते. मराठवाड्यातून येणाऱ्या निबंधांत पहिला परिच्छेद हमखास दुष्काळाचा असतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, भेगाळलेली जमीन, शेतकऱ्यांचे हाल. लातूर-धाराशिवकडची मुलं १९९३च्या किल्लारी भूकंपापासून सुरू करतात, जेव्हा त्यांचा जन्मही झालेला नसतो. हे सगळं खरं आहे, पण ते तू केलेलं नाहीस. ५०० शब्दांत त्याला शंभर शब्द दिले तर पाचवा हिस्सा गेला. तुझ्या प्रसंगाला पाणी लागत नसेल तर दुष्काळ आणूच नकोस.

शब्दांची वाटणी मी मुलांना साधारण अशी सांगते. गाव, अडचण आणि तू कोण, हे सत्तर-ऐंशी शब्दांत संपव. निम्मे शब्द तू काय केलंस, कुणी अडवलं आणि लोकांनी का ऐकलं यावर घाल. मग काय झालं ते आकड्यासह, काय जमलं नाही ते कारणासह. शेवटचे चाळीस-पन्नास शब्द पुढच्या शिक्षणाशी जोडायला ठेव, तेही खरोखर जुळत असेल तर. एसटीचा अर्ज आणि रसायनशास्त्रातली एम.एस्सी. यांची ओढूनताणून गाठ मारू नकोस. त्यापेक्षा ते शब्द प्रसंगालाच दे.

घरी भावंडं सांभाळली, आजारी वडिलांचं शेत पाहिलं, हे नेतृत्व म्हणून लिहावं का, असं बरीच मुलं विचारतात. माझं मत असं की ती जबाबदारी आहे, मोठी आहे, आणि अर्जात तिला जागा मिळायलाच हवी. कॉलेजात तू कुठल्या मंडळात का नव्हतास याचं ते प्रामाणिक उत्तर असू शकतं, आणि एका ओळीत ते सांगावंच. पण नेतृत्वाच्या प्रश्नाला ते तेव्हाच उत्तर ठरतं जेव्हा तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं वागणं किंवा निर्णय बदलला असेल. बहिणीचं लग्न दोन वर्षं पुढं ढकलायला तू वडिलांना तयार केलंस, तर ते आहे. तिचा डबा रोज तू केलास, तर ते प्रेम आहे. त्याला नेतृत्वाचं लेबल लावलं तर ते ओढून आणल्यासारखं दिसतं.

इंग्रजीबद्दल. आधी मराठीतच लिही, जसं मित्राला सांगशील तसं. मग भाषांतर कर. त्या मुलीनं इंग्रजी करताना काकूंचा सगळा प्रसंग पुसून ‘आय मोटिव्हेटेड द पेरेंट्स अँड क्रिएटेड अवेअरनेस’ असं एक वाक्य टाकलं होतं, कारण तिला इंग्रजीत कडी, पडवी, म्हातारी यांची लाज वाटली. मी ते वाक्य खोडून सगळं परत आणायला लावलं. ‘ती आली, दाराची कडी पाहिली, हो म्हणाली’ याला आठवीचं इंग्रजी पुरतं. ‘मोटिव्हेट’, ‘इन्स्पायर’, ‘अवेअरनेस’ यातला एखादा शब्द तुझ्या मसुद्यात आला की तिथं थांब आणि विचार, मी नेमकं तोंडानं काय बोललो होतो? ते लिही. ऊसतोडीतला ‘कोयता’ किंवा ‘फड’ असा शब्द टाळता येत नसेल तर तो तसाच ठेवून पुढच्या चार शब्दांत त्याचा अर्थ दे. कुणी तपासून दिलं तर चालेल, पण त्यांना व्याकरणाच्या चुका दुरुस्त करू दे, वाक्यं सजवू देऊ नकोस. मुलाखतीला तू तुझ्या इंग्रजीत बोलणार आहेस आणि निबंधातलं इंग्रजी दुसऱ्याचं आहे हे दोन मिनिटांत कळतं.

शिफारसपत्र कुणाचं घ्यायचं तेही याच प्रसंगावरून ठरव. विभागप्रमुखांचं एक पत्र लागेल, ते तुझ्या अभ्यासाबद्दल लिहितील. दुसऱ्याची सोय असेल तर ज्यानं हा प्रसंग डोळ्यांनी पाहिला अशा माणसाकडे जा, गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई. अर्जाच्या नियमात कोण चालतं ते आधी वाच. त्या मुलीला गुरुजींनी पत्र दिलं होतं, एकच पान, साधं. त्यात ‘पोळ्याच्या दिवशी यादी घेऊन आली’ एवढं एक वाक्य होतं आणि ते निबंधाशी तंतोतंत जुळलं.

आता पहिलं काम सांगते. आज लिहायला बसू नकोस. तुझ्याबरोबर आगारात आलेल्या पोरांतल्या दोघांना फोन कर आणि विचार, आपण त्या दिवशी गेलो तेव्हा पहिल्यांदा कोण म्हणालं होतं जाऊ या, साहेब काय म्हणाले, आणि मी काय केलं होतं. तू आपल्या वाट्याचं विसरला असशील, त्यांना आठवत असेल. गाडी नंतर सुरू झाली का, किती महिने चालली, परत बंद पडली का, तेही लिहून घे. बंद पडली असेल तरी तसंच लिही. मग माझ्याकडे मसुदा पाठव, मराठीतला.